शिट्टीवर मोजलेली नाडी

माझा धाकटा भाऊ अग्निशमन दलात आहे, म्हणजे होता, म्हणजे अजून आहे. हे वाक्य मला एका दमात लिहिता येत नाही आणि त्याला तर ऐकवतही नाही. दलात त्याला सगळे 'शिडी' म्हणतात. एक तर तो उंच. शिवाय गाडीवरची शिडी सुटी होऊन भिंतीला टेकेपर्यंत हा तिसऱ्या पायरीवर पोचलेला असायचा. बत्तीस वर्षं बंबावर काढली. चोपन्नाव्या वर्षीसुद्धा पाठीवर हवेची टाकी बांधून धुरात शिरणाऱ्या पहिल्या जोडीत त्याचं नाव असे, आणि ते तसंच राहावं एवढीच त्याची आयुष्याकडे मागणी होती. बढती दोनदा नाकारली. "खुर्चीत बसून आग दिसत नाही," म्हणायचा.

मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, एकतीस वर्षं. बेडकाची हृदयं काचेच्या बशीत धडधडताना पोरांना दाखवली. तेव्हा पुढे जे घडलं त्यात मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गेल्या वर्षी सुताराकडून माझ्या पुस्तकांच्या मांडणीच्या फळ्या आल्या आणि नेमकी लिफ्ट बंद. शिडीनं सहा फळ्या खांद्यावर टाकल्या आणि चार मजले न थांबता चढून आला. दारात फळ्या टेकवल्या, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुझ्या पुस्तकांपेक्षा त्यांचं घर जड आहे."

मी सहज त्याचं मनगट धरलं. ही माझी जुनी खोड. एकशे अठ्ठेचाळीस. चार मजल्यांना वाजवी. घड्याळाकडे बघत एक मिनिट थांबले आणि पुन्हा मोजली. एकशे चाळीस.

"किती?" त्यानं विचारलं.

"गप्प बस. बोललास की मोजणी चुकते."

मोजणी चुकली नव्हती. दुसऱ्या मिनिटाला एकशे बत्तीस. मांडणी उभी करून, पाणी पिऊन, अर्धा तास निवांत बसल्यावर चौऱ्याण्णव. ज्या माणसाची बसल्या जागी नाडी छप्पन आहे म्हणून तो लग्नाच्या बैठकीत मिरवत होता, त्याची चौऱ्याण्णव.

इथे मला थोडी शिकवणी घ्यावी लागणार, तेव्हा वाचणाऱ्यांनी कंटाळू नये. हृदयाला स्वतःचा ठेका असतो. त्याला कोणी हात लावला नाही तर ते मिनिटाला साधारण शंभराच्या आसपास पडत राहील. आपली बसल्या जागी सत्तर पडते, कारण व्हेगस नावाचा एक लांबलचक मज्जातंतू मेंदूच्या बुडापासून खाली उतरून हृदयाचा लगाम सतत ओढून धरतो. आपण पळायला लागलो की आधी हा लगाम सैल होतो. मग दुसऱ्या बाजूचे मज्जातंतू हृदयाला टाच मारतात. पाठ्यपुस्तकात या टाच मारणाऱ्यांना अनुकंपी म्हणतात आणि लगामवाल्यांना परानुकंपी. ही नावं ज्यानं ठेवली त्यानं कधी वर्गात शिकवलं नसावं. पळणं थांबलं की टाच हळूहळू थांबते, रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन ओसरायला काही मिनिटं जातात. पण लगाम लगेच आवळला जातो, पहिल्याच मिनिटात. म्हणून दमल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली यावरून माणसाचा दमखम ओळखता येतो. व्यायाम करणाऱ्याची झपकन उतरते. बाराचा आकडासुद्धा गाठता आला नाही तर डॉक्टर भुवया उंचावतात. शिडीची आठनं उतरली होती.

आणि या सगळ्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात, कारण ती आपल्याला विचारत नाही. हात उचल म्हटलं की हात उचलतो. नाडीला उतर म्हणून बघा.

"उठून उभा राहा," मी म्हटलं.

तो उठला आणि त्यानं मांडणीला हात टेकवला. "जरा अंधारी येते. हल्ली येते. वयाचं असेल."

"तळपायांना काय होतं?"

"काही नाही. मोजे काढले तरी मोजे घातल्यासारखं वाटतं, एवढंच."

"किती दिवस?"

"ताई, तू मला भाऊ म्हणून विचारतेयस की बेडूक म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्याला ओढत रक्त तपासायला नेलं. उपाशीपोटी साखर दोनशे छत्तीस. घरात कोणाला मधुमेह नाही, म्हणून कोणी बघितलीच नव्हती. फिजिशियन बाई तरुण होत्या आणि कामाच्या पक्क्या. त्यांनी त्याला आडवं झोपवलं, छातीला तारा जोडल्या आणि मिनिटाला सहा असे संथ, खोल श्वास घ्यायला लावले. धडधाकट माणसाची नाडी श्वास आत घेताना वाढते आणि सोडताना उतरते, कारण दर उच्छ्वासाला लगाम थोडा ओढला जातो. शिडीच्या कागदावर ठोके पट्टीनं आखल्यासारखे एकसारख्या अंतरावर उमटले. मी तो कागद उलटा धरूनही पाहिला. उलटाही तसाच होता.

"साखर बरीच वर्षं वाढलेली असणार," बाई म्हणाल्या. "लांब मज्जातंतूंना ती आधी खाते. पायांचे गेले, आणि व्हेगसही लांबच. साखर आटोक्यात ठेवली तर आहे ते टिकेल. गेलेलं परत येईल असं मी कबूल करणार नाही."

"मी कामावर जाऊ शकतो ना?"

"काय काम करता?"

त्यानं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी नीट समजावलं. या आजारात हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही. दुखण्याची वर्दी नेणाऱ्या ताराही त्यातच गेलेल्या असतात. घामाचं गणित बिघडतं, म्हणजे उष्णता बाहेर टाकता येत नाही. वाकून झटकन उठलं तर अंधारी. "हे सगळं धुरात, पाठीवर ओझं घेऊन," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्यासोबत आत आणखी एक माणूस असतो ना?"

शिडीनं अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. रिक्षात म्हणाला, "वार्षिक चाचणी तीन आठवड्यांवर आहे. ती पास झालो की मग बघू. ताई, हा कागद कोणाला दाखवायचा नाही. तुला माझी शपथ."

आता दलातली चाचणी सांगते. गुडघ्याच्या जरा खाली येईल असं बाक असतं. टिकटिक यंत्राच्या ठेक्यावर पाच मिनिटं त्यावर चढायचं आणि उतरायचं. थांबलं की खाली बसायचं. आपली नाडी आपण मोजायची नाही असा नियम आहे, कारण माणूस स्वतःला सवलत देतो. म्हणून जोडीदार मोजतो. साहेब शिट्टी वाजवतात, सगळे जोडीदार पंधरा सेकंद मोजून चारानं गुणतात. एक मिनिटानं पुन्हा शिट्टी, पुन्हा मोजणी. दोन आकड्यांतला फरक निदान वीस हवा. वीसच्या खाली गेला तर रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, सगळी वरात. वीसच्या वर असला तर सही आणि चहा. नियम करणाऱ्याला वाटलं असणार की जोडीदार जोडीदाराला सवलत देणार नाही. त्यानं कधी कोणासोबत धुरात जाऊन पाहिलेलं नसावं.

मला खुपत होतं ते निराळंच. दर वर्षी चाचणीच्या संध्याकाळी शिडी मला फोन करून आकडा सांगायचा. मागच्या चाचणीत अठ्ठावीस. त्याआधी बत्तीस, त्याआधीही बत्तीस. मी फोनवर शाबासकी द्यायची. अठ्ठावीसचे आठ वर्षभरात होत नाहीत. साखर मज्जातंतू खाते ती उंदरासारखी, रोज थोडं थोडं.

शिडीचा जोडीदार म्हणजे थर्मास. बुटका, बडबड्या, खांद्याला चहाचा थर्मास अडकवल्याशिवाय तो आंघोळीलाही जात नसेल. एकोणीस वर्षं दोघं एका दोरीवर. मी दुपारी केंद्रावर गेले तेव्हा तो गाडीखाली अर्धा शिरून काहीतरी पुसत होता.

"अरे ताई! या, या. चहा?"

"चहा नको. बाहेर ये. शिडीची नाडी तू कशी मोजतोस ते मला दाखव."

त्यानं फडक्याला हात पुसले. जरा जास्तच वेळ पुसले. "मनगटावर. सगळे मोजतात तशी."

"माझी मोज."

त्यानं माझं मनगट धरलं. बोटं बरोबर जागेवर, एका क्षणात. एकोणीस वर्षांची सवय.

"सापडली?"

"हो."

"लगेच सापडली. मग त्याची का सापडत नाही?"

हे मी अंदाजानं बोलले होते. पण थर्मास गाडीच्या पायरीवर बसला.

"चार वर्षांपूर्वी," तो म्हणाला. "शिट्टीवर मोजली तर फरक सोळा आला. मला वाटलं माझंच चुकलं. म्हटलं, साहेब, नाडी सापडत नाही, पुन्हा बघतो. पुन्हा मोजेपर्यंत मिनिटभर गेलं असेल. तेव्हा चोवीस आला. तोच लिहिला. आदल्या दिवशी गोदामाची आग होती ताई, अकरा तास उभे होतो. दमला होता तो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी शिट्टीवर मोजलीच नाही. आधी घड्याळ पडलं. मग पेन चालेना. सगळे हसायचे, म्हणायचे शिडीची नाडी लाजरी आहे, थर्मासला पदराआडून बघते." तो हसायला गेला आणि जमलं नाही. "त्याला यातलं काही माहीत नाही. तो डोकं गुडघ्यांत घालून बसलेला असतो. मी आकडा सांगतो, तो खूश होतो."

थांबल्यावर दोन-अडीच मिनिटांनी मोजली तर टाच ओसरून आजारी माणसाची नाडीसुद्धा बरीच खाली येते. पहिल्या मिनिटाचा आकडा लगामाचा असतो, आणि नेमका तोच हा गृहस्थ प्रेमानं टाळत आला होता. चार वर्षांपूर्वी त्यानं सोळा लिहिला असता तर दुसऱ्याच दिवशी साखर सापडली असती. मी हे त्याला सांगितलं. सांगायला नको होतं. पण मला गोड बोलायला येत नाही आणि त्या वयात शिकायचा उत्साहही नव्हता.

त्यानं फडकं पायरीवर ठेवलं. "म्हणजे मी केलं."

"साखरेनं केलं. तू दडवलंस. आणि मी फोनवर शाबासक्या दिल्या. रडू नकोस, मला वेळ नाही. या वेळी शिट्टीवर मोज."

"मग तो बाहेर जाईल."

"हो."

"तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण ना?"

"म्हणूनच. आणि आत त्याला अंधारी आली तर त्याला बाहेर ओढणार कोण? तूच ना? तुलाही बायको आहे."

मी घरी आले. शपथ मी मोडली नव्हती, कागद कोणालाच दाखवला नव्हता. नुसतं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर बांधून आले होते.

इकडे शिडीनं तयारी आरंभली. भावजय रोज फोनवर वर्तमान द्यायची. "वन्सं, पहाटे उठून जिना झिजवतायत. खालचे काका विचारतात, वर कोणी पाहुणे आलेत का. साखर सोडली, भात सोडला, आता माझ्याशी बोलणं तेवढं सोडायचं राहिलंय."

तो संध्याकाळी माझ्याकडे यायचा. "ताई, काहीतरी युक्ती असेल. लांब श्वास सोडला तर?"

"लगाम शाबूत असेल तर लांब उच्छ्वासानं आवळला जातो. तुझ्या हातात लगामच नाही."

"मग व्यायामानं?"

"धडधाकट माणसाचा काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतो. तुझाही कदाचित थोडा सुधारेल, साखर उतरली तर, वर्षभरानं. तीन आठवड्यांत नाही."

"मोज तरी."

तो माझ्या जिन्यावरून दोनदा वरखाली करायचा, नको म्हटलं तरी, आणि मी मोजायची. नऊ. आठ. दहा. एकदा अकरा आला तर त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. जळत्या छपरावरून माणसं उचलून आणणारा हा माणूस स्वतःच्या छातीतल्या मूठभर मांसाला विनवण्या करत माझ्या खुर्चीत बसायचा, डोळे मिटून, ओठ हलवत. मला एकतीस वर्षांचं सगळं ज्ञान होतं आणि त्यातलं एक अक्षर त्याच्या उपयोगाचं नव्हतं. शेवटी मी त्याला म्हटलं, "स्वतः जाऊन साहेबांना सांग." तो म्हणाला, "एकदा चाचणी होऊ दे. थर्मास मोजतो तेव्हा बरोबर येतो आकडा. तुझा हातच थंड आहे."

चाचणीच्या दिवशी मी तिथे नव्हते. भावजयीनं ऐकलेलं आणि थर्मासनं सांगितलेलं जुळवून लिहिते. बारा जोड्या. शिडी पाच मिनिटं चढला-उतरला, एकदाही ठेका चुकला नाही. खाली बसला, डोकं गुडघ्यांत. पहिली शिट्टी. थर्मासनं मोजली, एकशे बावन्न. एक मिनिट. दुसरी शिट्टी. कोणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं, "थर्मास, पदर सरकव रे!" थर्मासनं कोणाकडे बघितलं नाही. बोटं जागेवर होती, नाडी सापडलेलीच होती. पंधरा सेकंद मोजून त्यानं आकडा खणखणीत आवाजात सांगितला. एकशे चव्वेचाळीस.

शिडीनं डोकं वर केलं. "नीट मोज."

"नीट मोजली."

"पुन्हा मोज. सापडली नसेल."

"सापडली होती," थर्मास म्हणाला. "दर वेळी सापडत होती."

एवढ्यावरच शिडीला चार वर्षांचा हिशेब कळला. पुढचं दलाच्या रीतीप्रमाणे झालं. रक्त, आलेख, अहवाल. साहेब चांगले होते, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की बंबावर नाही. नियंत्रण कक्षात बदली. फोन घ्यायचे, पत्ता लिहायचा, गाड्या पाठवायच्या. खुर्ची.

थर्मास त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "ताई, मी बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि उभाच राहिला, जणू मी अजून काही बोलायची राहिले होते.

शिडी त्याच्याशी बोलणं बंद करून बसला. महिना झाला, दोन झाले. थर्मास कक्षाच्या दाराशी चहा ठेवून जायचा, तो तसाच गार व्हायचा. मग ठेवणं बंद झालं. शेवटी मी शिडीला गाठून सांगितलं, "त्याचा काही दोष नाही. शिट्टीवर मोज म्हणून त्याला मी सांगितलं होतं."

"माहीत आहे मला."

"मग माझ्याशी बोलतोस ते?"

"तू बहीण आहेस. तू असलंच करणार. तो जोडीदार होता. त्यानं चार वर्षं मला उल्लू बनवलं, आणि उघडं पाडलं तेही बारा जोड्यांसमोर. आधी सांगायला काय झालं होतं?" मग म्हणाला, "आणि मी त्या चार वर्षांत त्याला घेऊन आत जात होतो. तो जाणूनबुजून येत होता. वेडा." एवढ्या वाक्यात राग किती आणि दुसरं काही किती, हे मला आजही मोजता आलेलं नाही.

परवा दुपारी मी त्याच्या गोळ्या द्यायला नियंत्रण कक्षात गेले होते. छोटी खोली, भिंतीवर शहराचा नकाशा, तीन फोन, एक वायरलेस. तेवढ्यात फोन आला. रसायनांचं दुकान, तळघर. शिडीनं पत्ता दोनदा विचारून घेतला, घंटा दाबली. खिडकीबाहेर बूट धावले, गाडी गेली. हा खुर्चीत. मानेवरची शीर उडताना मला टेबलाच्या या बाजूनं दिसत होती. टाच शाबूत आहे त्याची.

काही मिनिटांनी वायरलेस खरखरला. थर्मासचा आवाज. "घटनास्थळी पोचलो. दोघं आत जातोय."

"जोडीदार कोण?" शिडीनं विचारलं.

"नवा आहे. गेल्या महिन्यात आलेला."

"वेळ नोंदवली. हवा किती?"

"टाकी भरलेली."

मग काही नाही. शिडीनं पेन हातात धरलं होतं, त्याचं टोक कागदाला टेकलेलं आणि शाईचा ठिपका मोठा होत चाललेला. घड्याळात बारा मिनिटं गेली. त्यानं एकदा बटण दाबलं आणि न बोलता सोडलं. आत असलेल्या माणसाला उगाच बोलायला लावलं की त्याची हवा खर्च होते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी खुर्ची जवळ घेतली. माझ्याकडे करण्यासारखं एवढंच होतं.

सोळाव्या मिनिटाला खरखर झाली. धापा टाकणारा आवाज. "बाहेर आलो. दोघंही. आत कोणी नव्हतं."

"ठीक. वेळ नोंदवली," शिडी म्हणाला.

पलीकडे थर्मास गेला नव्हता. बटण दाबलेलंच होतं, नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात आणि मग हळूहळू कमी होत. मी शिडीला कोपरानं ढोसलं. "अरे, बोल ना काहीतरी त्याच्याशी."

"वायरलेसवर कामाशिवाय बोलत नाहीत, ताई," तो म्हणाला, आणि तो श्वास पुरता शांत होईपर्यंत कान देऊन ऐकत बसला.